पत्रक कोणाच्या मतदाराच्या हाती पडलं, आणि कधी?

"मी चिपळूणला मास कम्युनिकेशनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नकारात्मक प्रचार-जाहिरातींचा मतदानावर आणि लोकांच्या विश्वासावर काय परिणाम होतो, यावर निबंध लिहायचाय. एक अभ्यास म्हणतो मतदान घटतं, दुसरा म्हणतो वाढतं. नक्की धरायचं काय? आणि आपल्या कोकणातलं उदाहरण त्यात कसं बसवू?"

दोन्ही अभ्यास आपापल्या जागी बरोबर असू शकतात. मतदानाची टक्केवारी ही बेरीज असते, आणि बेरजेत एका बाजूची घट दुसऱ्या बाजूच्या वाढीत जिरून जाते. म्हणून "घटतं की वाढतं" याच्या आधी विचारायचं ते हे: पत्रक कोणाच्या मतदाराच्या हाती पडलं, त्याचं मन तोवर ठरलेलं होतं का, आणि त्यात लिहिलं काय होतं? सिंधुदुर्ग आणि दक्षिण रत्नागिरीत मी बावीस वर्षं उमेदवारांची पत्रकं, रिक्षाच्या भोंग्यावरचा मजकूर आणि लोकल केबलच्या जाहिराती लिहिल्या आहेत. त्यातल्या काही नकारात्मक होत्या. तेव्हा हे थोडं आतून सांगतो.

आधी तुमच्या "घटतं" वाल्या अभ्यासाबद्दल. तो बहुधा 1994 चा असणार, स्टीफन अन्सोलाबेहेर, शांतो अय्यंगार आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. त्यांनी दक्षिण कॅलिफोर्नियातल्या सामान्य मतदारांना बोलावून स्थानिक बातम्यांची पंधरा मिनिटांची टेप दाखवली. मधल्या जाहिरातींत एक तीस सेकंदांची प्रचाराची होती. काहींना तिची सकारात्मक आवृत्ती दिसली, काहींना नकारात्मक, आणि काहींना प्रचाराची जाहिरात दिसलीच नाही. दोन्ही आवृत्त्यांत दृश्यं, आवाज, विषय शक्य तितके सारखे ठेवून सूर तेवढा बदललेला होता. नंतर मतदान करणार का, असं विचारलं, तेव्हा नकारात्मक बघणाऱ्यांत होकार सुमारे 5 टक्क्यांनी कमी आला.

इथे विद्यार्थी हमखास घसरतात. हे 5 टक्के सकारात्मक आणि नकारात्मक या दोन टोकांमधलं अंतर आहे. काहीच न बघणारे साधारण मधोमध होते. म्हणजे "नकारात्मक जाहिरातीने मतदान 5 टक्क्यांनी घटवलं" असं लिहिलंत तर ते चूक. काहीच न दाखवण्याशी तुलना केली तर घट त्याच्या निम्मी येते. शिवाय मोजला गेला तो इरादा. इरादा आणि बोटाची शाई यांत किती अंतर असतं, हे आमच्या कोणत्याही बूथ एजंटला विचारा.

"वाढतं" वाला अभ्यास 1999 चा असावा, मार्टिन वॉटनबर्ग आणि क्रेग ब्रायन्स यांचा. त्यांनी अमेरिकेतल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाची माहिती घेतली आणि पाहिलं की ज्यांना नकारात्मक जाहिराती आठवत होत्या, ते मतदानात मागे नव्हते. 1992 च्या निवडणुकीत तर पुढेच होते. पहिल्या गटाचं त्यावर उत्तर असं, की जाहिरात आठवते कोणाला? ज्याला आधीच राजकारणात रस असतो त्याला, आणि तोच मतदानालाही जातो. माझ्या मते ही हरकत खरी आहे. नाक्यावरच्या बाकड्यावर रोज सकाळी पेपर वाचणाऱ्या माणसाला तीन निवडणुकांमागचं पत्रकसुद्धा तोंडपाठ असतं. तो मत द्यायला पत्रकामुळे गेला असं म्हणायचं, तर त्याच्या घरात पत्रक टाकलं नसतं तरी तो गेला असता याचं काय करायचं?

या दोघांच्या भांडणानंतर रिचर्ड लाउ, ली सिगेलमन आणि आयव्ही ब्राउन रोव्हनर यांनी 2007 मध्ये 111 अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र मांडून तपासले. मतदान सरसकट घटतं असं त्यांना दिसलं नाही. मात्र सरकारवरचा विश्वास आणि "माझ्या मताने काही फरक पडतो" ही भावना, या दोन्ही थोड्या खाली जाताना दिसल्या. मला विचाराल तर तुमच्या निबंधाचा कणा हाच: मतदानावरचा परिणाम परिस्थितीप्रमाणे बदलतो, विश्वासावरचा परिणाम छोटा आहे पण त्याची दिशा जास्त सारखी आहे.

आता ही परिस्थिती म्हणजे काय, ते एका प्रभागावरून सांगतो. नगरपंचायतीचं नाव सांगत नाही, माणसं अजून तिथेच राहतात.

तिरंगी लढत होती. एक विद्यमान नगरसेवक, दुसरा आमचा उमेदवार, तिसरा कोणाच्या खिजगणतीत नसलेला. मतदानाच्या आठ दिवस आधी मी एक पत्रक लिहिलं. नळपाणी योजनेची टाकी बांधून झाली, बिल निघालं, पण वरच्या वाडीला पाणी दिवसाआडच येतं, एवढंच त्यात होतं. ठरावाचा क्रमांक दिला, बिलाची तारीख दिली, खाली मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव छापलं. हल्लाच होता तो, गोड काही नव्हतं त्यात. पण नगरसेवकाला कॉर्नर सभेत उत्तर द्यावं लागलं. पंप जळाला होता, निविदा पुन्हा काढावी लागली, असं त्याने सांगितलं. बायका उठून प्रश्न विचारायला लागल्या. एरवी प्रचाराला आलो की "बघू" म्हणून दार ओढून घेणाऱ्या घरांतून आम्हाला आत बोलावून चहा मिळाला.

मग मतदानाच्या दोन रात्री आधी दुसरं पत्रक फिरलं. खाली नाव नाही, छापखाना नाही. नगरसेवकाच्या घरातल्या भांडणाबद्दल होतं आणि त्यातलं अर्धं खोटं होतं. दारांच्या फटीतून सरकवलं आणि पहाटेपर्यंत फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पसरलं. ते मी लिहिलं नव्हतं, पण आमच्याच उमेदवाराच्या एका उत्साही नातेवाइकाने केलं होतं, हे मला दुपारी कळलं. त्या संध्याकाळी खालच्या मच्छीमार वाडीत स्लिपा वाटायला गेलो. ही वाडी नगरसेवकाची, आमच्या यादीत तिथल्या बहुतेक नावांपुढे "त्यांचे" अशी खूण. एक आजी पडवीत जाळं विणत बसली होती. स्लिप तिने घेतली, उलटी करून पाहिली आणि म्हणाली, "दोगव सारकेच रे बाबा. मत घालूक कित्याक जावचा?"

मतदानाच्या दिवशी आमचा एजंट यादीवर टिक करत होता. दुपारी चारपर्यंत खालच्या वाडीच्या पानांवर मोकळ्या जागा नेहमीपेक्षा खूपच जास्त. त्याच वेळी वरच्या वाडीतले, ज्यांना आम्ही कुंपणावरचे म्हणायचो, ते रांगेत उभे. दिवस संपला तेव्हा प्रभागाची टक्केवारी मागच्या वेळेइतकीच. बाहेरून बघणाऱ्याने म्हटलं असतं, काहीच झालं नाही.

हा हिशेब निबंधात साध्या आकड्यांनी दाखवा, मास्तरांना आवडेल. समजा प्रभागात 600 मतदार आहेत आणि मागच्या वेळी 420 जणांनी मत दिलं, म्हणजे 70 टक्के. यंदा ज्याच्यावर हल्ला झाला त्याचे 30 जण घरी बसले आणि समोरच्याचे 25 जण नव्याने आले. एकूण 415, म्हणजे 69 टक्क्यांच्या किंचित वर. टक्केवारी हललेली दिसतच नाही, पण दोन उमेदवारांमधलं अंतर 55 मतांनी सरकलं. वॉर्डाची निवडणूक एवढ्यावर फिरते.

घरी बसले ते नगरसेवकाचेच का, याचं नीट उत्तर मला फार नंतर मिळालं, याना क्रुपनिकोव्ह यांच्या 2011 च्या अभ्यासात. त्यांचं म्हणणं असं. मत अजून ठरलेलं नसताना नकारात्मक माहिती निवड करायला मदत करते, म्हणून ती मतदाराला मतदानापासून लांब नेत नाही. पण मन ठरल्यावर, आणि ज्याला निवडलं त्याच्याबद्दलच काही वाईट कानावर आलं, तर माणूस अडकतो. समोरच्याला मत द्यायचं मन होत नाही, आपल्याला द्यायची उमेद राहत नाही, मग तो जातच नाही. दोन्ही अटी एकदम लागतात: वेळ मन ठरल्यानंतरची, आणि हल्ला आपल्याच माणसावर. आमचं पहिलं पत्रक आठ दिवस आधी, कुंपणावरच्यांच्या हाती पडलं. दुसरं दोन रात्री आधी, ठरलेल्यांच्या दारात.

आता माझ्याच गोष्टीवर शंका घेतो, कारण तुमचे परीक्षक घेतील. त्या दिवशी बांगडा लागला होता. पहाटे होड्या गेल्या त्या दुपार उलटून परतल्या. मग वाडी पत्रकामुळे थांबली की बांगड्यामुळे? हे तपासायचा एकच मार्ग होता. शेजारच्या प्रभागातही एक मच्छीमार वाडी होती, तिच्याही होड्या गेल्या होत्या, पण तिथे ते पत्रक गेलं नव्हतं. त्या प्रभागातल्या एजंटला मी नंतर विचारलं. तिथले पुरुष उशिरा आले, पण आले, आणि बायका सकाळीच येऊन गेल्या होत्या. आमच्याकडे बायकाही आल्या नव्हत्या. एवढ्यावरून सिद्ध काही होत नाही, दोन वाड्यांचा नमुना तो कितीसा. पण तुलना अशी करायची असते: एक सोडून बाकी सगळं सारखं असलेलं गाव शोधायचं.

आणि निवडून आला तिसराच. आम्ही दोघं एकमेकांना चिखल लावत होतो तेव्हा तो गप्प घरोघरी फिरत होता. हा कोकणी योगायोग नव्हे. इटलीत कावा दे तिर्रेनी नावाच्या गावात 2015 च्या महापौर निवडणुकीत गालासो, नानिचिनी आणि नुन्नारी या तिघांनी घरोघरच्या प्रचारात मुद्दाम सकारात्मक आणि नकारात्मक संदेश वेगवेगळ्या भागांत दिले. नकारात्मक प्रचाराचा फायदा हल्ला करणाऱ्याला न होता बाजूला उभ्या असलेल्या तिसऱ्याला झाला. अमेरिकी अभ्यास बहुतेक दोनच उमेदवारांचे असतात. आपल्याकडे बंडखोर, अपक्ष आणि 2013 पासून नोटा, एवढे पर्याय बटणांवर असतात. तेव्हा अमेरिकेतला निष्कर्ष उचलून रत्नागिरीत ठेवताना, नाराज मतदार घरी बसण्याऐवजी तिसरं बटण दाबू शकतो, हे एक वाक्य तरी लिहाच.

माझ्या दोन पत्रकांतला फरक अभ्यासकांनाही दिसलेला आहे. किम फ्रिडकिन कान आणि पॅट्रिक केनी यांनी 1999 मध्ये अमेरिकी सिनेटच्या लढती घेऊन दाखवलं, की कामाबद्दलची, पुराव्यानिशी केलेली टीका लोकांना मतदानाला आणते आणि निव्वळ चिखलफेक त्यांना दूर नेते. आपल्या आदर्श आचारसंहितेतही हीच रेघ आहे: टीका धोरणं, कार्यक्रम, मागची कामगिरी आणि काम यांपुरती ठेवा, सार्वजनिक कामाशी संबंध नसलेलं खासगी आयुष्य आणि शहानिशा न केलेले आरोप टाळा. लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकांसाठी लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 चं कलम 127-क पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता मागतं, आणि कलम 123(4) उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल जाणूनबुजून केलेलं खोटं विधान भ्रष्ट आचरण ठरवतं. म्हणून निबंधात "नकारात्मक" हा एकच डबा ठेवू नका. निदान दोन करा. माझा अनुभव असा, की खाली नाव छापायला लागतं तेव्हा लिहिणाऱ्याचा हात आपोआप पहिल्या डब्याकडे वळतो. निनावी व्हॉट्सअॅप क्लिपला ती लाज नसते.

विश्वासाबद्दल मात्र सावध राहा. विश्वास आणि मतदान हे जोडीने घटतात असं धरून चालणारे निबंध मी बरेच वाचले आहेत. आपल्या वाड्यांत ते खरं नसतं. इथे मतदान पुष्कळदा वाडीचं असतं. देवळात किंवा मांडावर बैठक बसते, रस्त्याचं किंवा साकवाचं काय झालं ते निघतं, आणि ठरतं. बहिष्कारही असाच ठरतो. एखाद्याचा सगळ्या पुढाऱ्यांवरचा विश्वास उडालेला असला तरी तो मतदानाला जातो, कारण चुलता विचारील, "तू रे का नाही आलास?" म्हणजे विश्वास खाली आणि टक्केवारी जागच्या जागी, असं चित्र इथे सहज दिसू शकतं. आणि "विश्वास" हाही एक नव्हे. त्या आजीला नगरसेवकाबद्दल काय वाटतं, नगरपंचायतीबद्दल काय वाटतं, आणि मत देऊन काही होतं का याबद्दल काय वाटतं, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्यातली घट हा कदाचित टीकेचा योग्य परिणाम असेल. टाकी कोरडी असेल तर विश्वास कमी व्हायलाच हवा. चिंता करायची ती तिसऱ्यातल्या घटीची. "दोगव सारकेच" हे तिसऱ्यातलं वाक्य आहे.

कोकणातलं उदाहरण घालताना एक खड्डा आधी दाखवून ठेवतो, नाहीतर त्यात पडाल. आपल्याकडे टक्केवारीचा मोठा भाग चाकरमानी ठरवतात. 2024 च्या लोकसभेला रत्नागिरी-सिंधुदुर्ग आणि रायगडात 7 मे रोजी मतदान झालं, मुंबईत 20 मे रोजी. सुट्ट्या, आंबा, गावी आलेली कुटुंबं, सगळं त्यात आलं. त्याच वर्षी विधानसभेला 20 नोव्हेंबरला गावी आणि मुंबईत एकाच दिवशी मतदान. या दोन टक्केवाऱ्या शेजारी ठेवून फरकाचं कारण प्रचाराचा सूर आहे असं लिहिलंत, तर कोणीही हसेल. कुठल्या गाड्या कोणी सोडल्या, त्याचा परिणाम पत्रकापेक्षा कितीतरी मोठा असतो.

त्यापेक्षा एकच निवडणूक घ्या आणि तिच्यातच तुलना करा. फॉर्म 20 मध्ये मतदान केंद्रनिहाय मतं मिळतात, राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो असतो. एकाच तालुक्यातली, साधारण सारख्या वस्तीची दोन-तीन केंद्रं निवडा, जिथे हल्ल्याचं पत्रक गेलं आणि जिथे गेलं नाही अशी. नुसती टक्केवारी न बघता प्रत्येक उमेदवाराची मतं मागच्या वेळेपेक्षा किती सरकली ते मांडा, नोटाची ओळही सोडू नका. समाजमाध्यमांवरच्या पैसे देऊन केलेल्या राजकीय जाहिराती मेटाच्या Ad Library मध्ये शोधता येतात, तारीख आणि पैसे देणाऱ्याचं नाव दिसतं. पण त्यात वाडीपर्यंत पोचता येत नाही, म्हणून कागदी पत्रकं गोळा करणं भाग आहे. छापखान्यात विचारा, आपल्याकडची बहुतेक पत्रकं दोन-तीन छापखान्यांतच होतात आणि ते एकेक प्रत फाइलला ठेवतात.

मुलाखती घेणार असाल तर तीस-चाळीस घरं पुरेत, पण प्रश्नांचा क्रम सांभाळा. आधी "मत कधी ठरवलंत" विचारा, मग "कोणाचं काही वाईट कानावर आलं का, कधी आलं", आणि मतदान केलं का हे सगळ्यात शेवटी, सहज बोलता बोलता. थेट विचारलंत तर सगळे हो म्हणतात, न गेलेलेही. शाई पुसट व्हायच्या आत गेलात तर बोट बघता येतं. आणि मतदानानंतरच्या पहिल्या दोन दिवसांतच जा. रातराणीने एकदा का चाकरमानी मुंबईला गेले, की तो माणूस तुम्हाला शिमग्यालाच भेटेल, आणि तोवर त्याला पत्रक नाही, निकालच आठवत असेल.